पहिल्या सिमवर बोलताना दुसरे सिम कुठे जाते?

दोन सिमच्या फोनबद्दल एक तक्रार घरोघरी ऐकू येते. माणूस भर बाजारपेठेत उभा असतो, फोनवर दोन्ही सिमची रेंज पूर्ण दिसत असते, आणि तरी घरी गेल्यावर कुणीतरी विचारते, ‘फोन बंद ठेवला होतास का? संपर्क क्षेत्राच्या बाहेर सांगत होते.’ तो शपथेवर सांगतो की फोन चालूच होता, इतकेच नाही तर त्याच वेळी तो त्याच फोनवर बोलत होता. दोघेही खरे बोलत असतात. पण दोष मात्र कंपनीच्या टॉवरला दिला जातो, सिम बदलले जाते, दुसऱ्या कंपनीत पोर्ट केले जाते आणि आठवड्याभराने तीच तक्रार पुन्हा येते.

ही तक्रार टॉवरची नाही, सिमची नाही आणि बहुतेक वेळा फोन बिघडल्याचीही नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य दोन सिमच्या फोनची रचनाच अशी आहे की पहिल्या सिमवर बोलणे चालू असेपर्यंत दुसऱ्या सिमला बाहेरच्या जगाशी संपर्क उरत नाही. या रचनेला ‘ड्युअल सिम ड्युअल स्टँडबाय’ म्हणतात. फोनच्या खोक्यावर हे शब्द कुठेतरी बारीक अक्षरात असतात, पण त्यांचा अर्थ दुकानात कुणी समजावून सांगत नाही. माझ्या मते तो सांगायला हवा, कारण ज्याचा धंदा एका नंबरवर आणि घर दुसऱ्या नंबरवर आहे त्याला या एका गोष्टीचा रोज फटका बसतो.

फोनमध्ये सिमच्या दोन खाचा असतात. `*#06#` डायल केले तर दोन वेगवेगळे आयएमईआय नंबर दिसतात. त्यामुळे आत दोन फोनच एकत्र बसवले आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात या प्रकारच्या फोनमध्ये लहरी पाठवणारी आणि पकडणारी यंत्रणा, म्हणजे ज्याला सोप्या भाषेत फोनचा रेडिओ म्हणता येईल ती, दोन्ही सिमना मिळून एकच असते. दोन सिम, दोन नंबर, दोन आयएमईआय, पण रेडिओ एक. मग फोन नुसता खिशात असताना दोन्ही नंबरवर कॉल येतात ते कसे?

त्याचे उत्तर फोन खिशात असताना काय करतो यात आहे. आपल्याला वाटते की फोन सतत टॉवरशी बोलत असतो. तसे असते तर बॅटरी दुपारपर्यंतही टिकली नसती. खिशातला फोन जवळजवळ पूर्ण वेळ झोपलेला असतो. ठरलेल्या वेळी तो काही हजारांश सेकंद जागा होतो, ‘माझ्यासाठी काही निरोप आहे का’ एवढेच टॉवरकडून ऐकतो आणि पुन्हा झोपतो. टॉवरकडून येणाऱ्या या हाकेला पेजिंग म्हणतात. हाक कधी येणार याचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. फोर-जीमध्ये नेटवर्क ०.३२, ०.६४, १.२८ किंवा २.५६ सेकंदांचे चक्र ठेवू शकते. १.२८ सेकंदांचे चक्र धरले तर त्यात दहा-दहा हजारांश सेकंदांचे १२८ तुकडे होतात. प्रत्येक सिममध्ये साठवलेला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, जो आपल्या दहा आकडी नंबरपेक्षा वेगळा असतो. त्या क्रमांकाला १०२४ ने भागून जी बाकी उरते तिच्यावरून त्या सिमचा तुकडा ठरतो. नेटवर्कलाही हा हिशेब माहीत आणि फोनलाही, म्हणून दोघे बरोबर एकाच क्षणी भेटतात.

आता समजा पहिल्या सिमची पाळी ३७व्या तुकड्यात आणि दुसऱ्याची १०१व्या तुकड्यात येते. दोघांमध्ये अर्ध्या सेकंदाहून जास्त मोकळा वेळ आहे. फोनचा रेडिओ ३७व्या तुकड्याच्या वेळी पहिल्या कंपनीच्या लहरीवर जातो, ऐकतो, झोपतो. मग दुसऱ्या कंपनीच्या लहरीवर जातो, ऐकतो, झोपतो. दोन फाटकांच्या वाड्याला एकच राखणदार असावा आणि त्याने ठरल्या वेळी एकेका फाटकाशी जाऊन यावे, तसे हे काम चालते. वेळापत्रक सैल असल्यामुळे कुठल्याच फाटकावरचा माणूस ताटकळत नाही. कधीतरी दोन्ही पाळ्या एकाच क्षणी येतात आणि एक हाक हुकते, पण नेटवर्क हाक एकदाच मारून थांबत नाही, म्हणून ते सहसा लक्षातही येत नाही.

ही सगळी सोय एका अटीवर उभी आहे: रेडिओला दोन्हीकडे फक्त अधूनमधून ऐकायचे असले पाहिजे. कॉल लागला की ही अट मोडते.

बोलणे चालू असताना आपला आवाज दर २० हजारांश सेकंदांच्या तुकड्यांत कापून, आवळून पाठवला जातो आणि समोरच्याचा तसाच येत राहतो. सेकंदाला ५० तुकडे जाणार, ५० येणार. शिवाय टॉवर सतत फोनला सांगत असतो की आता आवाज किती जोरात पाठव, कधी पाठव. गाडीतून जात असाल तर आजूबाजूच्या टॉवरची ताकदही मोजून कळवावी लागते, म्हणजे वेळेवर एका टॉवरवरून दुसऱ्यावर कॉल सोपवता येतो. रेडिओ या कामाला जुंपलेला असतो.

इथे जाणकार वाचक विचारेल की २० हजारांश सेकंदांतही बराच वेळ मोकळा असतो, त्या फटीत दुसऱ्या सिमची हाक का ऐकू नये? प्रश्न रास्त आहे. शेजारचे टॉवर मोजण्यासाठी नेटवर्क स्वतःच अशा फटी देते. फोर-जीमध्ये साधारण ६ हजारांश सेकंदांची फट ४० किंवा ८० हजारांश सेकंदांमागे एकदा मिळते. पण ती फट पहिल्या कंपनीने आपल्या सोयीने ठेवलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या हाकेची वेळ त्याच फटीत पडेलच असे नाही, कारण दोन्ही कंपन्यांची वेळापत्रके एकमेकांना ठाऊक नसतात. आणि समजा पडली, हाक ऐकूही आली, तरी खरी अडचण पुढे आहे. हाक ऐकून भागत नाही, उत्तर द्यावे लागते. उत्तर म्हणजे आधी टॉवरकडे बोलण्याची परवानगी मागायची, मग जोडणी करायची, मग सिम खरे आहे हे सिद्ध करायचे, मग कॉलचा तपशील घ्यायचा. हा संवाद ६ हजारांश सेकंदांत होत नाही. त्याला त्याच्या अनेक पटींनी वेळ लागतो. तेवढा वेळ रेडिओ दुसरीकडे गेला तर पहिल्या सिमवर चाललेले बोलणे मधूनच गप होईल, कदाचित तुटेल. फोन बनवणाऱ्यांनी म्हणून ठरवले की चालू कॉलला धक्का लावायचा नाही. चालू संभाषण वाचवण्यासाठी संभाव्य संभाषण सोडून द्यायचे. हा निर्णय मला योग्य वाटतो. चूक आहे ती तो ग्राहकाला न सांगण्यात.

मग दोन रेडिओ का बसवत नाहीत? बसवता येतात, पण नुसता खर्च वाढतो एवढेच त्याचे उत्तर नाही. फोर-जीवर फोन जास्तीत जास्त सुमारे ०.२ वॅट ताकदीने लहरी सोडतो. टॉवरकडून त्याच्यापर्यंत पोचणारी लहर, रेंज बेताची असताना, एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी क्षीण असू शकते. म्हणजे फोनचे स्वतःचे ओरडणे त्याला ऐकायच्या कुजबुजीपेक्षा दोन लाख कोटी पट मोठे. एकच रेडिओ असला की हे ओरडणे आणि ऐकणे एकाच कंपनीच्या ठरलेल्या लहरींवर चालते आणि त्यांना वेगळे ठेवणारे फिल्टर त्यासाठीच बनवलेले असतात. दोन रेडिओ तळहाताएवढ्या जागेत शेजारी ठेवले की एकाचे ओरडणे दुसऱ्याच्या कानात शिरते. कुठल्या दोन लहरी एकत्र आल्या की त्रास होईल याच्या जोड्या शेकड्यांनी तपासाव्या लागतात. शिवाय दोन अँप्लिफायर, जास्तीचे अँटेना, बॅटरीवर ताण आणि दोन्हीकडून एकाच वेळी लहरी निघत असतील तर शरीरावर पडणाऱ्या लहरींची मर्यादाही पाळावी लागते. दहा-पंधरा हजारांच्या फोनमध्ये हे सगळे बसवणे आजही अवघड आहे.

आता याच घटनेकडे दुसऱ्या कंपनीच्या बाजूने पाहू, कारण ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ हे वाक्य तिकडून येते.

समजा सांगलीत एकाचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. पाटीवर पहिल्या सिमचा नंबर आहे. दुसरे सिम वेगळ्या कंपनीचे, ते घरच्यांकडे आणि बँकेत दिलेले. सकाळी पहिल्या सिमवर एका शेतकऱ्याचा फोन येतो, विहिरीवरची मोटार जळली आहे, ऊस वाळतोय. बोलणे लांबते. तेवढ्यात त्याची बायको दुसऱ्या नंबरवर फोन लावते.

तिची कंपनी आधी विचारते की हा नंबर सध्या कुठे आहे. दुसऱ्या कंपनीच्या नोंदवहीत उत्तर तयार असते: हा ग्राहक चालू आहे, शेवटचा सांगलीच्या अमुक भागात होता. नोंद खरी आहे, कारण सकाळी फोन सुरू झाला तेव्हा दुसऱ्या सिमने स्वतःच ती केली होती. मग त्या भागातल्या सगळ्या टॉवरवरून दुकानदाराच्या दुसऱ्या सिमच्या नावाने हाक जाते. हाक त्याच्या दुकानातही पोचते, भिंतीतून आत येते, फोनपर्यंत येते. पण फोनचा रेडिओ त्या क्षणी दुसऱ्याच लहरीवर आहे. उत्तर जात नाही. काही सेकंद थांबून नेटवर्क पुन्हा हाक मारते. पुन्हा शांतता. ठरलेली मुदत संपली की ते हार मानते आणि बायकोला ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो.

तिला ‘व्यस्त आहे’ असे का सांगितले जात नाही? व्यस्त सांगण्यासाठी तो कॉलवर आहे हे माहीत असावे लागते. एकाच नंबरवर दोन कॉल आले तर कंपनीला ते माहीत असते, कारण पहिला कॉल तिच्याच यंत्रातून चाललेला असतो. इथे पहिला कॉल दुसऱ्याच कंपनीकडे आहे. फोनला दोन्ही गोष्टी ठाऊक आहेत, पण तो दुसऱ्या कंपनीला कळवू शकत नाही. कळवायला लागणारा रेडिओच अडकला आहे. उत्तर न देणारा फोन तळघरात आहे, घाटात आहे, बॅटरी काढलेला आहे की शेजारच्या कंपनीवर गप्पा मारतोय, यातला फरक टॉवरला कळण्याचा मार्ग नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकच वाक्य. दोन्ही सिम एकाच कंपनीची असली तरीही बहुधा हेच घडते. नेटवर्कच्या लेखी ते दोन वेगळे ग्राहक असतात. ते एकाच खिशात आहेत याची नोंद कॉल जोडणारे यंत्र पाहत नाही.

या सगळ्यात एक खूण मात्र मिळते. फोन नीट बंद केला तर बंद होताना तो नेटवर्कला ‘मी जातोय’ असे कळवतो, त्यामुळे फोन लावणाऱ्याला संदेश चटकन ऐकू येतो. दुसरे सिम कॉलमुळे गप झाले असेल तर नेटवर्क आधी हाका मारत बसते, म्हणून फोन लावल्यावर आधी काही सेकंदांची शांतता असते आणि मग ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ येते. लावणाऱ्याने ही शांतता ओळखली तर त्याला दोन-चार मिनिटांनी पुन्हा लावायचे सुचते.

आपल्या फोनची परीक्षा घरीच करता येते. आधी वायफाय बंद करा; ते का, हे पुढे येईल. इंटरनेट दुसऱ्या सिमवर ठेवा. पहिल्या सिमवरून घरातल्या कुणाला तरी कॉल लावून चालू ठेवा आणि एखादे नवे वेबपान उघडून पाहा. पान उघडले नाही आणि कॉल संपताच उघडले, तर तुमच्या फोनचा रेडिओ एकच आहे. मग तसाच कॉल चालू ठेवून तिसऱ्या फोनवरून दुसऱ्या सिमला फोन लावून पाहा. बऱ्याच फोनवर या वेळी दुसऱ्या सिमच्या रेंजच्या काड्या तशाच दिसत राहतात. त्या शेवटच्या मोजणीच्या असतात, त्यांच्यावर विसंबू नका. कॉल संपल्यावर फोनच्या यादीत मिस्ड कॉलही दिसणार नाही, कारण फोनला त्या कॉलचा पत्ताच लागलेला नसतो. काही कंपन्या नंतर ‘अमुक नंबरवरून तुम्हाला फोन आला होता’ असा एसएमएस पाठवतात, तेवढीच खबर.

एसएमएसचे प्रकरण याहून जास्त त्रासाचे आहे आणि त्याबद्दल फारसे बोलले जात नाही. दुकानदार पहिल्या सिमवर माल पुरवणाऱ्याशी बोलतोय. बोलता बोलता फोनच्या पडद्यावर किंवा दुकानातल्या संगणकावर तो पैसे पाठवायला घेतो. बँकेचा ओटीपी दुसऱ्या सिमवर जातो. तिथेही तीच हाक, तीच शांतता. फरक इतकाच की कॉल सोडून दिला जातो, एसएमएस कंपनीच्या केंद्रात साठवून ठेवला जातो आणि ग्राहकाच्या नोंदीवर ‘सध्या पोचत नाही’ अशी खूण केली जाते. हे सिम नेटवर्कशी स्वतःहून काही बोलले की ती खूण पुसली जाते आणि केंद्राला ‘आता पाठवा’ असा इशारा मिळतो.

ग्यानबाची मेख इथे आहे. बोलणे संपल्यावर दुसरे सिम पुन्हा ऐकू लागते, पण अनेकदा ते नेटवर्कला काहीच सांगत नाही. फोन त्याच भागात आहे, सांगण्यासारखे नवे काही घडलेले नाही, असा त्याचा हिशेब. त्यामुळे खूण तशीच राहते आणि संदेश केंद्राच्या पुढच्या प्रयत्नाची वाट पाहत पडून राहतो. तो प्रयत्न काही मिनिटांनीही होऊ शकतो. ओटीपीची मुदत तोवर संपलेली असते. माणूस पुन्हा ओटीपी मागवतो, मग जुना आणि नवा मागेपुढे येतात आणि चुकीचा आकडा भरला जातो. यावर साधा उपाय म्हणजे कॉल संपल्यावर वाट पाहत न बसता फ्लाइट मोड लावून काढणे. फोन पुन्हा सुरू झाला की दुसरे सिम नेटवर्ककडे हजेरी लावते, आणि साठलेले संदेश बहुधा लगेच येतात. दुसऱ्या सिमवरून एखादा छोटा कॉल केला तरी तेच काम होते.

कॉलसाठी मात्र याहून चांगला उपाय आहे आणि तो नेटवर्कमध्येच कित्येक वर्षांपासून आहे. कॉल फॉरवर्डिंग म्हटले की लोकांना सगळे कॉल वळवणे आठवते, पण त्याचा एक उपप्रकार फक्त ‘ग्राहक पोचत नसेल तेव्हा’ काम करतो. आपल्याला नेमके हेच हवे आहे. दुसऱ्या सिमवर ही सोय लावून पहिल्या सिमचा नंबर द्यायचा. मग सांगलीच्या दुकानदाराच्या बायकोचा फोन असा जाईल: दुसरी कंपनी हाक मारते, उत्तर येत नाही, मुदत संपते, पण ध्वनिमुद्रित वाक्य ऐकवण्याऐवजी ती कॉल पहिल्या नंबरकडे वळवते. पहिल्या नंबरवर तो शेतकऱ्याशी बोलतच आहे, पण तिथे कॉल वेटिंग चालू आहे. त्याच्या कानात टूं-टूं वाजते आणि पडद्यावर घरचा नंबर दिसतो. एकच रेडिओ आहे, तोही अडकलेलाच आहे, पण आता दोन्ही कॉल एकाच कंपनीच्या जोडणीतून येत असल्यामुळे अडचण उरत नाही.

जीएसएमच्या काळापासून यासाठी ठरलेले कोड असे आहेत. पहिले तीन दुसऱ्या सिमवरून डायल करायचे, शेवटचा पहिल्या सिमवरून. फुल्यांच्या जागी आपल्या पहिल्या सिमचा नंबर घालायचा:

```
**62*+91XXXXXXXXXX#
*#62#
##62#
*43#
```

पहिला कोड ही सोय लावतो, दुसरा ती लागली आहे का ते दाखवतो, तिसरा ती काढून टाकतो आणि चौथा पहिल्या सिमवर कॉल वेटिंग सुरू करतो. सगळ्या कंपन्यांवर हे कोड सारखेच चालतात असे नाही. कोड चालला नाही तर फोनच्या कॉल सेटिंगमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’खाली ‘संपर्क होत नसताना’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तिथे नंबर भरता येतो. शिवाय २०२४च्या एप्रिलमध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना `*401#` सारख्या युएसएसडी कोडवरून कॉल फॉरवर्ड करण्याची सोय थांबवायला सांगितले. त्यामागचे कारण गंभीर होते. कंपनीतून बोलतोय असे सांगून भामटे लोकांना असा कोड डायल करायला लावत आणि त्यांचे सगळे कॉल, त्यात फोनवरून सांगितले जाणारे ओटीपीही, स्वतःच्या नंबरवर वळवून घेत. तेव्हा नंबर फक्त स्वतःचाच घालायचा, आणि दुसऱ्या कुणी फोनवर सांगितलेला कोड कधीही डायल करायचा नाही.

`*#62#` पाहिल्यावर तिथे आधीच एखादा अनोळखी नंबर दिसला तर घाबरायला होते. समाजमाध्यमांवर अशा नंबरवरून ‘तुमचा फोन हॅक झाला’ असे संदेश फिरत असतात. ‘संपर्क होत नसताना’ या रकान्यात अनेकदा कंपनीनेच आपल्या व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल कळवणाऱ्या सेवेचा नंबर घातलेला असतो. खात्री हवी असेल तर कंपनीच्या ग्राहकसेवेला तो नंबर विचारा. त्याच्या जागी आपला नंबर घातला की ती मिस्ड कॉलची खबर येणे बंद होईल, हेही लक्षात ठेवावे.

या उपायाला मर्यादा आहेत. वळवलेला कॉल म्हणजे दुसऱ्या सिमने पहिल्याला केलेला कॉलच असतो, त्यामुळे दुसरे सिम नुसते चालू राहावे म्हणून किमान रिचार्जवर ठेवले असेल आणि त्यावर आउटगोइंग नसेल, तर वळवणे बहुधा होत नाही. परदेशात रोमिंगवर असताना याचे पैसे चांगलेच पडू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी ते काढून टाकलेले बरे. दोन्ही सिम एकमेकांकडे वळवली आणि फोन बंद पडला तर कॉल थोडा वेळ इकडून तिकडे फिरतो, पण नेटवर्क वळवण्याच्या संख्येवर मर्यादा ठेवते, म्हणून शेवटी तो पडतो; नुकसान होत नाही. सॅमसंगने आपल्या ड्युओस फोनमध्ये ‘ड्युअल सिम ऑलवेज ऑन’ नावाने हीच युक्ती मेनूत बसवून दिली होती. आत दोन रेडिओ नव्हते, फॉरवर्डिंगच होते.

आता वायफाय बंद करायला का सांगितले ते. वायफायचा रेडिओ वेगळा असतो, सिमच्या रेडिओशी त्याचा संबंध नाही. भारतात एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये वायफायवरून कॉलिंगची सोय सुरू केली. ती दुसऱ्या सिमवर चालू असेल आणि फोन घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर दुसऱ्या सिमचा कॉल टॉवरवरून येतच नाही. फोन इंटरनेटवरून आपल्या कंपनीशी एक बंदिस्त जोडणी करून ठेवतो आणि कॉल तिच्यातून आत येतो. त्यामुळे अनेकांचा अनुभव असा असतो की घरी दोन्ही नंबर लागतात आणि बाहेर पडले की एकच लागतो. हा योगायोग नसतो. काही फोन याच्या पुढे जातात आणि वायफाय नसेल तेव्हा पहिल्या सिमच्या इंटरनेटमधून दुसऱ्या सिमची ही जोडणी करतात. पहिल्या सिमवर व्होल्टी कॉल चालू असताना त्याचे इंटरनेट चालूच असते, त्यामुळे दुसऱ्या सिमचा कॉल त्याच्याच पाठीवर बसून येतो. आयफोनमध्ये यासाठी दुसऱ्या सिमवर वायफाय कॉलिंग चालू हवे, आणि इंटरनेटसाठी निवडलेले सिम एक व कॉल दुसऱ्यावर असेल तर ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ हा पर्याय चालू हवा. काही अँड्रॉइड फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये ‘बॅकअप कॉलिंग’ नावाचा पर्याय असतो. ज्यांच्या फोनमध्ये आणि कंपनीकडे हे चालते त्यांना फॉरवर्डिंगची गरजही पडत नाही.

खरोखर दोन रेडिओ एकाच वेळी चालवणारे फोनही आता आहेत. त्या रचनेला ‘ड्युअल सिम ड्युअल अ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात, आणि क्वालकॉमने २०२२च्या अखेरीस आणलेल्या आपल्या वरच्या दर्जाच्या चिपमध्ये ती दिली. पण चिपमध्ये आहे म्हणून फोनमध्ये असेलच असे नाही. फोन बनवणाऱ्याने अँटेना आणि फिल्टर तसे बसवायला हवेत. विकत घेताना वरची परीक्षा दुकानातच करून पाहावी. मधला एक प्रकारही आहे, ज्यात ऐकण्याची यंत्रणा दोन पण पाठवण्याची एकच असते. असा फोन बोलताना दुसऱ्या सिमची हाक ऐकू शकतो, पण उत्तर द्यायला पाठवण्याची यंत्रणा मोकळी करावीच लागते.

मोबाइलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०२२ मध्ये पूर्ण केलेल्या नियमांच्या १७व्या आवृत्तीत दोन सिमच्या फोनचा पहिल्यांदा नीट विचार केला. तोवर नियमांच्या लेखी एका फोनला एक सिम होते आणि दोन सिमचा सगळा खटाटोप फोन बनवणाऱ्यांनी आपापल्या डोक्याने केलेला होता. नव्या नियमांत फोन पहिल्या नेटवर्ककडून ‘मला दुसरीकडे ऐकायला जायचे आहे’ असे सांगून सोयीची फट मागून घेऊ शकतो, दोन्ही पाळ्या एकाच क्षणी येत असतील तर एक सरकवून घेऊ शकतो, हाक मारताना नेटवर्क ती आवाजाच्या कॉलसाठी आहे हे सांगू शकते, आणि फोन थोडक्यात ‘मी व्यस्त आहे’ असे उत्तर देऊन परत फिरू शकतो. हे झाले तर बायकोला निदान खरे उत्तर मिळेल. पण त्यासाठी फोन आणि कंपनीचे नेटवर्क दोघांनीही ही सोय राबवायला हवी, आणि आज आपल्या हातात असलेले कोट्यवधी फोन त्याआधीच्या रचनेचे आहेत.

तोवर नंबर कुठला कुठे द्यायचा हे आपल्याच हातात आहे. ‘संपर्क होत नसताना’ची सोय फक्त आवाजाचे कॉल वळवते, एसएमएस वळवत नाही. म्हणून ज्या सिमवर दिवसभर बोलणे चालते तेच सिम बँकेत नोंदवलेले असेल, तर बोलणे चालू असतानाही ओटीपी त्याच जोडणीतून येतो. घरच्यांकडे दिलेला नंबर दुसरा असला तरी चालतो, कारण तो वळवता येतो.